सुई मारली की आठ दिवस बरं, मग परत लूत: डेमोडेक्स की सार्कोप्टिस?

"डॉक्टर, सुई मारली की आठ-दहा दिवस बरं असतंय बघा. मग परत तसंच." बेळगाव भागातल्या खानापूर, नंदगड, जांबोटीपासून निपाणी-चिकोडीपर्यंत लुतीच्या कुत्र्याचे मालक हेच सांगतात. सोबत औषधांच्या रिकाम्या बाटल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्यांत आयव्हरमेक्टिन असतं. औषध खोटं नसतं आणि मालकाने हयगयही केलेली नसते. तरीही लूत परत येते, कारण लूत दोन वेगळ्या माइटमुळे, म्हणजे कातडीत राहणाऱ्या बारीक जिवांमुळे, होते आणि एकीवर चालणारा डोस दुसरीला पुरत नाही.

सार्कोप्टिस हा गोल, आखूड पायांचा माइट. तो कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदे करून राहतो आणि त्यातच अंडी घालतो. डेमोडेक्स लांबट, विडीच्या आकाराचा, आणि त्याचं घर केसाच्या मुळाशी, खोल. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध पिताना आईकडून तो पिल्लाकडे जातो. जवळजवळ प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या अंगावर थोडे डेमोडेक्स असतातच. पिल्लाची प्रतिकारशक्ती त्यांना आवर घालू शकली नाही की त्यांची संख्या वाढते आणि केस झडायला लागतात. म्हणजे सार्कोप्टिस बाहेरून लागतो आणि एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जातो, डेमोडेक्स आतून वाढतो. उपचार कुठला, किती दिवस आणि घरातल्या कुणाकुणाला, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

नुसत्या नजरेने किती कळतं

बऱ्यापैकी कळतं, पण पूर्ण नाही. सार्कोप्टिसची खाज भयंकर असते. कुत्रं रात्री झोपत नाही, चुलीजवळ किंवा उबेत बसलं की जास्त खाजवतं. कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे टाचेकडचे सांधे आणि पोटाखालची बाजू इथून सुरुवात होते. कानाची कड दोन बोटांत धरून कानावरच घासली की त्या बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. सार्कोप्टिसच्या बहुतेक कुत्र्यांत ही खूण मिळते. ती कानाच्या इतर आजारांतही दिसू शकते, म्हणून एवढ्यावर निदान पक्कं करू नये, पण संशय नक्की वाढवावा.

डेमोडेक्समध्ये आधी केस जातात, खाज बहुधा नंतर येते. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पुढच्या पायांवर टकलं ठिपके पडतात आणि त्यांत काळे ठिपके दिसतात. कुत्रं तसं मजेत असतं. मग जिवाणूंचा संसर्ग होतो, पुळ्या फुटतात, पंजे सुजतात आणि खाज सुरू होते. कुत्रं दवाखान्यात येतं ते नेमकं याच टप्प्यावर. म्हणून "खाजवतंय म्हणजे खरूज" हा अंदाज इथे फसतो. मुधोळ जातीचं किंवा त्या रक्ताचं आखूड केसांचं कुत्रं असेल तर टकले ठिपके लवकर दिसतात. दाट केसांच्या कुत्र्यात हात फिरवल्याशिवाय कळत नाहीत.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येक घराला विचारतो: घरात कुणाच्या हातावर, पोटावर किंवा मांडीवर खाजरं पुरळ आलंय का? कुत्र्याचा सार्कोप्टिस माणसाला तात्पुरतं पुरळ आणतो. डेमोडेक्स माणसाला त्रास देत नाही. घरातल्या आजी किंवा लहान मूल कुत्र्याला जवळ घेऊन बसत असेल, तर त्यांचे हात तपासणं हाही माझ्या तपासणीचाच भाग आहे.

खरवड: ब्लेड कसं चालवायचं

खरवड म्हणजे कातडी ब्लेडने खरवडून निघालेलं सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण "खरवड घेतली, काही निघालं नाही" या वाक्यानेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

डेमोडेक्ससाठी खरवड खोल हवी. जागेवरचे केस कापायचे, दहा नंबरच्या ब्लेडची धार थोडी मारून ते बोथट करायचं आणि ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब घ्यायचा. खरवडण्याआधी कातडीची घडी बोटांत धरून नीट दाबायची, म्हणजे मुळाशी बसलेले माइट वर येतात. ही पायरी गाळली की अर्धे माइट आतच राहतात. मग केसांच्या दिशेने, एकाच छोट्या जागी, बारीक रक्त पाझरेपर्यंत खरवडायचं. रक्ताचा ओलावा दिसला म्हणजे आपण केसाच्या मुळापर्यंत पोहोचलो. मुधोळसारख्या पातळ कातडीच्या कुत्र्यात दाब कमीच ठेवावा. जखम करायची नाही, खोली गाठायची आहे. अशा किमान तीन ते पाच जागा घ्याव्यात. डोळ्याजवळ किंवा दुखऱ्या पंजावर ब्लेड नको वाटलं तर चिमट्याने पन्नासेक केस मुळासकट उपटून तेलात ठेवले तरी चालतं. पण केसांत काही मिळालं नाही तर खरवड घ्यावीच लागते.

सार्कोप्टिससाठी उलट करायचं. खोली कमी, क्षेत्र मोठं. कानाच्या कडा आणि कोपरं इथल्या खपल्या भरपूर तेल लावून रुंदावर खरवडून घ्यायच्या. कुत्र्याने आधीच ओरबाडलेली जागा टाळायची, कारण तिथले माइट त्याने स्वतःच काढून टाकलेले असतात. नवी, न फुटलेली लाल पुळी शोधायची. जितक्या जास्त जागा, तितकी शक्यता जास्त.

सूक्ष्मदर्शकाखाली कंडेन्सर खाली आणि उजेड कमी ठेवायचा, नाहीतर पारदर्शक माइट उजेडात विरून जातात. आधी चार पटीच्या भिंगाने सगळी काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहायची, मग संशयाच्या जागी दहा पटीचं भिंग. डेमोडेक्सच्या प्रौढ माइटला पुढच्या भागात आठ आखूड पाय, अळीला सहा. अंडी दोन्ही टोकांना निमुळती. सार्कोप्टिस गोलसर, मागचे पाय शरीराबाहेर जेमतेम दिसणारे. अंडी अंडाकृती आणि मोठी, आणि सोबत तपकिरी रंगाचे विष्ठेचे बारीक गोळे.

काही ठिकाणी तेलाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. खपल्या विरघळतात, त्यामुळे पाहायला सोपं जातं. पण त्यात माइट मरतात. डेमोडेक्समध्ये जिवंत किती आणि मेलेले किती, अंडी आहेत की नाहीत, यावरूनच औषध लागू पडतंय का हे कळतं. म्हणून तिथे तेलच घ्यावं आणि काच लगेच पाहावी.

"नाही" या उत्तराची किंमत दोघांत सारखी नाही

सार्कोप्टिसचा एक माइट, एक अंडं किंवा विष्ठेचे गोळे सापडले तरी निदान झालं. पण सापडत नाही असंच बरेचदा होतं. खरी सार्कोप्टिसची लूत असलेल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त कुत्र्यांत खरवड रिकामी येते, कारण थोडेसे माइटही प्रचंड खाज आणतात. म्हणून खरवड रिकामी आली तरी लक्षणं जुळत असतील तर सार्कोप्टिस समजूनच उपचार द्यावा आणि प्रतिसाद पाहावा.

डेमोडेक्समध्ये उलट. खोल, दाबून, चार-पाच ठिकाणची खरवड रिकामी आली तर डेमोडेक्स नाही असं बहुतेक वेळा धरता येतं. अपवाद जाड झालेल्या जुनाट पंजांचा. तिथे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. आणि एकच डेमोडेक्स सापडला तर? लगेच आजार आहे असं ठरवू नये, पण सोडूनही देऊ नये. आणखी जागा खरवडाव्यात. अंडी आणि अळ्याही दिसत असतील तर माइट तिथे वाढतायत.

एक कुत्रं, पूर्ण हिशोबासकट

खानापूरच्या बाजूच्या शेतवस्तीवरचं मुधोळ मिश्र जातीचं नर कुत्रं. वय अकरा महिने, वजन १६ किलो. पावसाळ्याच्या आधीपासून लूत. दर आठवड्याला आयव्हरमेक्टिनची सुई आणि सोबत खाज थांबवायचं एक इंजेक्शन. प्रत्येक वेळी आठवडाभर आराम, मग पुन्हा तेच. आधी एकदा कोपरावरची खरवड घेतली होती, त्यात काही नव्हतं. पुढचे दोन्ही पंजे सुजलेले, बोटांमध्ये फुटलेल्या गाठी, ओठाच्या कडेला आणि डाव्या डोळ्याभोवती टक्कल. कानांच्या कडा स्वच्छ. कान घासला तर पाय हलला नाही. घरात कुणाच्याही अंगावर पुरळ नाही. बरोबर झोपणारं दुसरं कुत्रं एकदम ठणठणीत. एवढे महिने सार्कोप्टिस असता तर ते कोरडं राहिलंच नसतं.

चार ठिकाणी खोल खरवड घेतली: दोन्ही पंजे, ओठाची कड आणि खांदा. डोळ्याजवळचे केस उपटून पाहिले. उजव्या पंजात १४ प्रौढ, ६ अळ्या आणि ५ अंडी. ओठाच्या कडेला ९ प्रौढ. खांदा रिकामा. कोपरावरची आधीची खरवड खोटी नव्हती, जागा चुकली होती.

आता आकड्यांकडे पाहू. सार्कोप्टिससाठी आयव्हरमेक्टिन साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम दर किलोला, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा पुरतं. हे या कुत्र्याला मिळालं होतं, उलट जास्तच वेळा. पण डेमोडेक्ससाठी हेच औषध ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम दर किलोला, तोंडावाटे, रोज, आणि तेही कित्येक महिने द्यावं लागतं. आठवड्याला एकदाची सुई त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. माइट थोडे मरतात आणि उरलेले वाढतात. मग आठवडाभराचा आराम कशाने येत होता? त्या दुसऱ्या इंजेक्शनमधल्या स्टेरॉइडने. ते खाज दाबतं आणि त्याच वेळी शरीराची माइटला आवर घालण्याची ताकदही दाबतं. डेमोडेक्समध्ये स्टेरॉइड देणं म्हणजे आजार वाढवणं, मग कुत्रं कितीही शांत दिसो.

त्याला अफॉक्सोलॅनरची गोळी दिली. दर किलोला किमान २.५ मिलिग्रॅम लागतं; १६ किलोच्या कुत्र्याला १० ते २५ किलोच्या गटातली ६८ मिलिग्रॅमची एक गोळी महिन्यातून एकदा. स्टेरॉइड बंद. पंजातल्या गाठी खोल असल्यामुळे पू तपासणीला पाठवून प्रतिजैविक ठरवलं, आणि क्लोरहेक्झिडिनच्या शाम्पूने आठवड्यातून दोनदा अंघोळ. फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा, हे मालकाला घड्याळ दाखवून सांगितलं.

पहिल्या महिन्यानंतर त्याच जागांवर खरवड घेतली. उजव्या पंजात २ जिवंत प्रौढ, बाकी मेलेले, अंडी शून्य. केस येऊ लागले होते, पंजा निम्म्याने उतरला होता. मालक म्हणाले, "आता बंद करू काय? चांगलंच झालंय की." नाही. दिसणं सुधारतं तेव्हा माइट संपलेले नसतात, आणि पुन्हा उलटण्याचं सर्वांत मोठं कारण औषध इथे थांबवणं हेच आहे. दुसऱ्या महिन्यात सगळ्या काचा रिकाम्या. तिसऱ्या महिन्यातही रिकाम्या. एका महिन्याच्या अंतराने दोनदा रिकामी खरवड आली तेव्हाच गोळी थांबवली. पुढचं वर्षभर नवा टकला ठिपका दिसला तर लगेच आणायचं, एवढं ठरलं. या कुत्र्याकडून पैदास घेऊ नये असंही सांगितलं, कारण लहान वयात सर्वांगी डेमोडेक्स होण्याची प्रवृत्ती पुढच्या पिल्लांत उतरते.

दुसरीकडचं चित्र

निपाणीकडच्या एका घरातल्या कुत्रीचं याच्या बरोबर उलट होतं. कानांच्या कडांवर जाड खपल्या, कोपरं सोललेली, रात्रभर खाजवणं. घरच्यांनी तंबाखूचं पाणी लावून पाहिलं होतं. हे अजिबात करू नये. निकोटिन कातडीतून आणि चाटण्यातून आत जातं आणि कुत्रं दगावू शकतं. जळालेलं ऑइल आणि रॉकेलही तितकंच घातक. कान घासताच कुत्रीचा मागचा पाय हलत होता, आणि घरातल्या आजींच्या दोन्ही हातांवर पुरळ होतं. खरवडीच्या काचा सगळ्या रिकाम्या.

तरीही सार्कोप्टिस धरूनच उपचार केला. तिला आणि अंगणातल्या दुसऱ्या कुत्र्याला, त्याला खाज नसतानाही, महिन्याच्या अंतराने अफॉक्सोलॅनरच्याच दोन गोळ्या. पोती आणि अंथरूण गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवलं. सार्कोप्टिस कुत्र्याच्या अंगाबाहेर काही दिवस जगतो आणि गारव्यात, ओलीत जास्त दिवस. खानापूरच्या पावसाळ्यात ओलं पोतं तसंच ठेवलं तर उपचाराचं फळ निम्मं जातं. पहिले काही दिवस खाज कमी होत नाही, कधी थोडी वाढतेही, कारण मेलेल्या माइटविरुद्धही कातडी चिडलेलीच असते. हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर मालक तिसऱ्या दिवशी स्टेरॉइडची सुई शोधायला जातो. दोन-तीन आठवड्यांत ती शांत झोपू लागली. आजींना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. कुत्री बरी झाल्यावर त्यांचं पुरळही गेलं. एवढा स्वच्छ प्रतिसाद मिळाला तेव्हा निदान बरोबर होतं हे कळलं.

औषध निवडताना

अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर, फ्लुरालॅनर या गटातल्या गोळ्या दोन्ही माइटवर चालतात. खरवड जमली नाही तरी या गोळीने काम भागतं असं म्हणून काहीजण निदानच सोडून देतात. मला ते पटत नाही. गोळी तीच असली तरी घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला द्यायची का, अंथरूण धुवायचं का, आणि कधी थांबायचं, ही उत्तरं निदानाशिवाय मिळत नाहीत. फ्लुरालॅनर बारा आठवड्यांतून एकदा, पोटभर खाण्यासोबत द्यावं. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गटातली गोळी देण्यापूर्वी पशुवैद्याला ते नक्की सांगा.

गोळी परवडत नाही अशी घरंही खूप आहेत. तिथे अमिट्राझ उरतं. १२.५ टक्क्यांच्या द्रावणातलं २ मिलीलीटर एक लीटर पाण्यात घातलं की डेमोडेक्सला लागणारी तीव्रता मिळते. केस पूर्ण कापायचे, आधी शाम्पूने धुवायचं, मग हे पाणी अंगभर लावून पुसून न काढता वाळू द्यायचं, आठवड्यातून एकदा. मिसळलेलं पाणी उरलं तर दुसऱ्या वेळी वापरायचं नाही. पुढच्या लावणीपर्यंत कुत्रं कोरडं राहायला हवं. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पट्ट्यात मोकळ्या कुत्र्याला ते अवघड, म्हणून पावसाळ्यात त्याला गोठ्यात बांधून ठेवायची तयारी असेल तरच हा मार्ग धरावा. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करायचं, आणि मधुमेह असलेल्या माणसाने ते हाताळूच नये. गोचिडांसाठी जनावरांवर फवारायची बाटली अंदाजाने ओतू नका. कुत्रं सुस्त पडलं, लटपटू लागलं तर ताबडतोब धुवून दवाखान्यात आणा. मांजराजवळ हे अजिबात नेऊ नका.

आयव्हरमेक्टिनचंही तसंच. गायीची एक टक्क्याची बाटली म्हणजे एका मिलीलीटरमध्ये १० मिलिग्रॅम. १६ किलोच्या कुत्र्याचा सार्कोप्टिसचा डोस त्यात अर्ध्या मिलीलीटरच्या आसपास बसतो, आणि लहान पिल्लात एका थेंबाचा फरकही महागात पडतो. कोली आणि त्यासारख्या मेंढपाळी जातींत, कधी जर्मन शेफर्डमध्येही, एक जनुकीय दोष असतो; त्यामुळे औषध मेंदूत शिरतं. बाहुल्या मोठ्या होणं, लाळ, लटपटणं, आंधळ्यासारखं धडकणं ही त्याची चिन्हं. अशा जातीत हे वापरू नये.

लहान पिल्लाला एक-दोनच टकले ठिपके असतील, खाज नसेल आणि ते खेळत-खात असेल, तर डेमोडेक्स सापडूनही औषध न देता थांबावं. अशी बहुतेक पिल्लं सहा-आठ आठवड्यांत आपोआप बरी होतात. ठिपके वाढतायत का, एवढं दर पंधरवड्याला पाहायचं.

औषध चालू असूनही आकडा उतरत नसेल तर

दुसऱ्या महिन्याच्या खरवडीत जिवंत माइट आणि अंडी पहिल्याएवढीच दिसली, तर आधी डोस तपासा. कुत्र्याचं वजन नव्याने करा, गोळी ओकली होती का ते विचारा, आणि कुणी मध्येच स्टेरॉइडची सुई किंवा कानाचं स्टेरॉइडचं औषध देतंय का ते शोधा. घरातला एक माणूस सांगतो आणि दुसरा लपवतो, असं होतं. मादी असेल तर माजाच्या काळात आजार उसळतो, म्हणून ती बरी झाली की नसबंदी करून घ्यावी. आणि कुत्रं चार वर्षांपेक्षा मोठं असून पहिल्यांदाच डेमोडेक्स झाला असेल, तर कारण कातडीबाहेर शोधा. गोचिडांनी भरलेल्या कुत्र्यात रक्त तपासून एर्लिकिया हा गोचिडांतून येणारा संसर्ग पाहावा. थायरॉइड कमी असणं, शरीरातच स्टेरॉइड जास्त बनवणारा कुशिंग आजार, लपलेला ट्यूमर किंवा बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड यांपैकी काही असेल, तर ते दूर केल्याशिवाय माइटचा आकडा शून्यावर येऊन तिथे टिकत नाही.